कावळा शिवला नाही म्हणून

प्रश्न: श्राद्धात पितरांना भाताचे पिंड आणि पाणी का देतात? त्यातून काय सांगायचं असतं?

बाबा गेले ते भर मे महिन्यात. दहाव्याला नदीवर पोचेपर्यंत बारा वाजत आले होते. दगडावर पिंड ठेवला आणि आम्ही वीसेक जण बाभळीखाली कावळ्याची वाट पाहत बसलो. तासभर एकही फिरकला नाही. काकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "तुह्या बापाचा जीव वावरात अडकला हाये. धुऱ्याकडचे दोन एकर मले देतो म्हन, मंग पाय कावळा कसा येते." बांधाकडचे ते दोन एकर द्यायला मी नाही म्हटलं. शेवटी महाराजांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. बापाची इच्छा मारली, हे बोलणं मी अजून खातो. विदर्भातल्या उन्हात भर दुपारी कावळा सावली सोडत नाही, हे शेतकऱ्याला सांगावं लागतं का?

आणि मुळात तो पिंड श्राद्धातला नव्हेच. माणूस मेला की लगेच पितर होत नाही, आधी तो प्रेत असतो. देह तर जळून गेला, म्हणून दहा दिवसांचे दहा पिंड त्याला नवा देह देतात. पहिल्याने डोकं, मग एकेक अवयव, दहाव्याने भूक आणि तहान. भूक लागली म्हणून अन्न, तहान लागली म्हणून तिळाचं पाणी, इतकं साधं आहे ते. देवाला पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात, पितरांना अंगठा आणि तर्जनीच्या मधून.

खरी गोष्ट बाराव्याला घडते, सपिंडीत. त्या दिवशी काका पानसुपारी खात ओसरीवर बसले होते. बाबांचा लांबट पिंड एकीकडे, आजोबा, पणजोबा आणि खापरपणजोबांचे तीन गोल पिंड दुसरीकडे. महाराजांनी दर्भाने बाबांच्या पिंडाचे तीन भाग करायला लावले आणि एकेक भाग एकेका गोल पिंडात मळायला सांगितला. मळून झाल्यावर बाबांचा भात कुठला आणि आजोबांचा कुठला, मला सांगता येईना. तिथे मी रडलो, नदीवर नाही.

पुढच्या पितृपक्षात पिंड तीनच झाले: बाबा, आजोबा, पणजोबा. खापरपणजोबांचा पिंड बंद. पिंड देऊन झाल्यावर हाताला चिकटलेला भात दर्भाला पुसतात, तेवढा त्यांच्या वाट्याचा. आम्हाला त्यांचं नावही महाराजांच्या वहीत बघावं लागलं होतं. म्हणजे माणूस पिंडातून कधी निघतो, ते तुम्हीच बघा.

हे आमच्या घरचं. गावात बऱ्याच घरी सपिंडी नसतेच, आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली की झालं. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. सपिंडी पूर्वी वर्षाने करत, आता बाराव्यालाच उरकतात, हेही खरं.

दोन एकर अजून माझ्याकडेच आहेत. काकांचा पिंडही एक दिवस आजोबांच्याच पिंडात मळला जाणार आहे, बाबांचा मळला तसाच. तिथे धुरा कुठून टाकतील, ते त्यांनी सांगावं.