गर्दी गाळणारा मध्यक: वाचकांची प्रश्नोत्तरे

बीबी का मकबऱ्यासमोर रविवारी कॅमेरा पक्का टेकवला, सलग तीस फोटो काढले आणि फोटोशॉपमध्ये मिडियन लावला. तरी वाटेवरची माणसं भुतासारखी उरलीच. चुकलं कुठे?

बहुधा ‘सलग’ या शब्दात. मिडियन म्हणजे शाळेतल्या संख्याशास्त्रातला मध्यक. कॅमेरा हलला नाही, तर प्रत्येक फ्रेममधला ठरावीक पिक्सेल मकबऱ्याच्या त्याच ठिपक्याकडे पाहत असतो. सगळ्या फ्रेममधले त्याचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा, एवढंच सॉफ्टवेअर करतं.

नऊ फ्रेममध्ये फरशीच्या एका ठिपक्याची उजळता अशी आली असं समजा: 142, 143, 141, 38, 142, 210, 144, 141, 90. यातला 38 म्हणजे कुणाची तरी काळी पँट, 210 म्हणजे पांढरा सदरा, 90 म्हणजे सावली. क्रम लावला की पाचवा आकडा 142 येतो, म्हणजे निव्वळ फरशी. याच आकड्यांची सरासरी काढली तर 132 येते. हा फरक म्हणजे फरशीवर उरलेला माणसाचा डाग. म्हणूनच सरासरी काढणाऱ्या पद्धतीत, किंवा गडद एनडी फिल्टर लावून केलेल्या लांब एक्स्पोजरमध्ये, रेंगाळणाऱ्या माणसाची धूसर छाया उरते. मध्यकात त्याचा आकडा रांगेच्या टोकाला जाऊन पडतो.

अट एकच, पण ती कडक आहे: तो ठिपका निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये रिकामा दिसला पाहिजे. तुम्ही तीस फोटो दहा-वीस सेकंदांत उरकले असतील, तर तेवढ्या वेळात वाटेवरचं माणूस फारसं सरकतच नाही. फोटो तीस, पण गर्दीच्या हिशेबाने ते तीन-चारच.

मकबऱ्याची रचनाही इथे आडवी येते. प्रवेशद्वारातून समोर सरळ वाट, मधून पाण्याचा पाट, शेवटी इमारत. आडवं चालणारं माणूस दोन पावलांत आपली जागा सोडतं. तुमच्या दिशेने सरळ चालत येणारं माणूस मात्र फ्रेममध्ये जवळजवळ एका जागीच राहतं आणि नुसतं मोठं होत जातं. म्हणून अशा समोरासमोरच्या चौकटीसाठी दोन फ्रेममध्ये किमान 15 सेकंद सोडा. 25 फ्रेमना सहा मिनिटं लागतील. कॅमेरा जितका उंच नेता येईल तितका न्या. डोळ्यांच्या उंचीवरून वाटेचा लांबचा भाग एका बारीक पट्टीत दबतो आणि वेगवेगळ्या अंतरावरची माणसं त्याच पिक्सेलवर एकावर एक येतात. मीटरभर उंचीनेही ती पट्टी उलगडते.

किती फ्रेम पुरतात? कुणी 10 सांगतं, कुणी 100.

सबंध चित्राचा विचार करू नका, सर्वांत गजबजलेल्या कोपऱ्याचा करा. तो कोपरा सरासरी 30 टक्के वेळ झाकलेला असेल आणि फ्रेममध्ये पुरेसं अंतर असेल, तर 15 फ्रेममध्ये तो ठिपका निम्म्याहून जास्त वेळा झाकला जाण्याची शक्यता साधारण 5 टक्के. म्हणजे त्या भागात इकडेतिकडे ठिगळं दिसणारच. 31 फ्रेम घेतल्या की हीच शक्यता 1 टक्क्याच्या आसपास येते. मात्र कोपरा अर्ध्याहून जास्त वेळ भरलेला असेल तर 100 फ्रेम घेऊनही उपयोग नाही. उलट जास्त फ्रेमनी गर्दीच पक्की होते.

तेव्हा आधी दोन मिनिटं तिथे नुसतं बघत उभं राहा आणि मोजा. साधी वर्दळ असेल तर 15, रविवारची गर्दी असेल तर 25 ते 31. संख्या विषम ठेवा. सम संख्येत मधले दोन आकडे येतात आणि त्यांची सरासरी घेतली जाते. त्यातला एक माणसाचा निघाला तर अर्धं भूत तयार.

ट्रायपॉड आत नेऊ दिला नाही. हातात धरून काढलेल्या फोटोंवर हे जमतं का? आणि नेमक्या पायऱ्या सांगा, शक्यतो फुकटच्याही.

जमतं, पण पाय हलवायचे नाहीत. कॅमेरा थोडा वरखाली किंवा तिरका झाला तर सॉफ्टवेअर फ्रेम जुळवून घेतं. तुम्ही वीतभर बाजूला सरकलात तर मात्र पाटाचा जवळचा काठ आणि मागची इमारत यांचं एकमेकांशी नातंच बदलतं, आणि ते कोणत्याही जुळवणीने सुधारत नाही. खांबाला पाठ टेकवून उभं राहा. चौकटीच्या चारही बाजूंना थोडी जादा जागा सोडा, कारण जुळवल्यावर कडा कापाव्या लागतात.

कॅमेरा पूर्ण मॅन्युअलवर हवा: भर उन्हात f/8, आयएसओ 100 आणि उजेडाप्रमाणे ठरवलेला शटर, पुढे कशालाही हात लावायचा नाही. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर बांधा. ऑटोवर ठेवला तर लाल साड्यांचा घोळका आला की फरशीचा रंगही बदलतो. फोकस एकदा जुळवून मॅन्युअल करा. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. रॉ काढले असतील तर एका फ्रेमवरचे बदल सगळ्यांवर तसेच्या तसे उतरवा.

फोटोशॉपमध्ये `File > Scripts > Load Files into Stack…` उघडा. फाइली निवडून `Attempt to Automatically Align Source Images` आणि `Create Smart Object after Loading Layers` या दोन्हींवर खूण करा. मग `Layer > Smart Objects > Stack Mode > Median`.

फुकटात करायचं तर पॅनोरामा जोडणाऱ्या ह्युजिन सॉफ्टवेअरबरोबर येणारं जुळवणीचं साधन आणि इमेजमॅजिक पुरेत. टर्मिनलमध्ये या दोन ओळी द्या:

```
align_image_stack -m -a julav_ IMG_*.tif
magick julav_*.tif -evaluate-sequence median makbara.tif
```

इमेजमॅजिक सगळ्या फ्रेम एकदम मेमरीत घेतं. 24 मेगापिक्सेलच्या 25 फ्रेमना सात ते दहा जीबी सहज लागतात. तेवढी नसेल तर काम डिस्कवर जातं आणि रांगायला लागतं. आधी निम्म्या आकारावर करून बघावं.

जुळवणी फसली आहे का, हे माणसांकडे बघून कळत नाही. 100 टक्क्यांवर जा आणि जाळीचा एखादा तुकडा मूळ एका फ्रेमशी ताडून पाहा. जाळीची भोकं मऊ, लोण्यासारखी दिसली तर फ्रेम पिक्सेल-दोन पिक्सेल इकडेतिकडे आहेत. तसं असेल तर सर्वांत जास्त हललेल्या चार-पाच फ्रेम काढून टाका आणि पुन्हा करा.

वाट साफ झाली, पण चौथऱ्याच्या पायऱ्यांवर बसलेली मंडळी हटत नाहीत. क्लोन टूलने पुसू का?

पायऱ्यांच्या सरळ कडा क्लोनने वाकतात आणि ते डोळ्याला लगेच खुपतं. त्यापेक्षा खऱ्या फ्रेममधूनच काम होतंय का ते बघा. समजा तुमच्या 25 फ्रेम आहेत. पायऱ्यांचा तो तुकडा तेवढा मोठा करून एकेक फ्रेम तपासली आणि 11 फ्रेममध्ये तो रिकामा निघाला. 25 मध्ये किमान 13 हव्यात, म्हणून मध्यक हरला. पण त्या 11 फ्रेम बाजूला काढून त्यांचाच वेगळा मध्यक घेतला, की त्या तुकड्यापुरती गर्दी शून्य. या 11 फ्रेममध्ये इतरत्र ठिगळं येतील, त्याची फिकीर नको. हे दुसरं चित्र पहिल्यावर लेयर म्हणून ठेवा, काळा मास्क लावा आणि पायऱ्यांवर तेवढा पांढऱ्या ब्रशने मास्क उघडा. जुळवणी मात्र सगळ्या 25 फ्रेमची एकत्रच झालेली हवी. दोन गट वेगवेगळे जुळवलेत तर पायरी पायरीवर बसणार नाही.

रिकामी अशी एकच फ्रेम सापडली तरी चालते. तिचा तेवढा तुकडा घ्या. फक्त मध्यकाने बाकीच्या चित्रातला नॉइज कमी केलेला असतो, त्यामुळे हा तुकडा किंचित दाणेदार दिसेल. एकही सापडली नाही तर तिथे आणखी अर्धा तास थांबणं हाच उपाय आहे, कारण जे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते मध्यक कुठून आणणार?

कुठे शोधायचं हे कळत नसेल तर त्याच `Stack Mode` मध्ये क्षणभर `Standard Deviation` निवडा. जिथे वर्दळ होती तो भाग उजळ दिसेल. तेवढेच भाग अंतिम चित्रात बारकाईने तपासा, मग `Median` वर परत या.

सहा मिनिटांत सावल्या सरकतात, ढगही येतात. त्याने चित्र बिघडत नाही का?

सावलीची भीती वाटते तेवढी खरी नाही. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो. तो 45 अंशांवर असेल तर 20 मीटर उंच वस्तूच्या सावलीचं टोक सहा मिनिटांत अर्धा ते एक मीटर हलतं. सरासरीत ही कड पसरट झाली असती. मध्यकात मात्र ती साधारण मधल्या फ्रेममध्ये जिथे होती तिथे स्वच्छ उमटते: त्याआधी उजेडातून सावलीत गेलेले ठिपके बहुमताने सावलीत मोजले जातात, नंतर गेलेले बहुमताने उजेडात.

गडबड होते ती कडेलगत माणसं असली की, आणि उन्हाळ्यात ती नेमकी तिथेच असतात. तिथला ठिपका 13 फ्रेममध्ये उन्हात आणि 12 मध्ये सावलीत असतो. त्यातल्या दोन-तीन कुणी झाकल्या की निकाल फिरतो. कड कुरतडल्यासारखी दिसली तर कारण हे. तेवढी कड एका फ्रेममधून मास्कने घ्या.

ढग जास्त त्रासदायक. निम्म्या फ्रेम उन्हात, निम्म्या ढगाखाली अशी विभागणी झाली तर जिथे माणसं जास्त होती तिथे फरशीवर उजळ-काळपट चट्टे पडतात. काढतानाच लक्ष ठेवा आणि ढगाखालच्या फ्रेम सरळ टाकून द्या. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्याही हिशेबात धरा: माणसाबरोबर त्याची सावलीही फरशी झाकते, म्हणजे तीच गर्दी जवळपास दुप्पट मोजली जाते.

गेट वे ऑफ इंडियाला हेच केलं. माणसं आणि कबुतरं गेली, पण मागच्या बोटी विचित्र दिसतात.

नांगरलेली बोट जागा सोडत नाही, पण डुलते आणि वळते. तिचा मधला भाग प्रत्येक फ्रेममध्ये जवळपास एकाच ठिकाणी असतो, म्हणून तो टिकतो. नाक, शेपूट आणि डोलकाठी जागा बदलतात, म्हणून ती कापली जातात. झेंडा खांबाला चिकटलेल्या तुकड्याएवढाच उरतो, आणि लाटा सपाट, मेणचट होतात. दगडी कमान मध्यकातून ठेवा. समुद्र, बोटी आणि आकाश एकाच चांगल्या फ्रेममधून घ्या. दोन्हींची सीमा कमानीच्या कडेने गेली तर जोड दिसत नाही. कमानीच्या आतून दिसणारं पाणीही त्याच फ्रेममधलं घ्यायला विसरू नका, नाहीतर बाहेर लाटा आणि आत काच असं दिसतं.