बाळाची झोप: ओढ आणि घड्याळ

मुलगी २० दिवसांची आहे. दिवसभर गाढ झोपते आणि रात्री १ ते ४ टक्क जागी असते. आजी म्हणते, हिने रात्रीचा दिवस केलाय. काय करू? – सांगली

तिच्या लेखी अजून दिवसही नाही आणि रात्रही नाही. आपल्याला झोप दोन गोष्टींमुळे येते, आणि तुमच्या मुलीकडे सध्या त्यातली एकच चालू आहे.

पहिली झोपेची ओढ. जागेपणी मेंदूच्या पेशी काम करतात, ऊर्जा खर्च होते आणि अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं. ते जितकं साचेल तितके डोळे जड होतात, आणि झोपेत ते ओसरतं. (आपण चहा-कॉफी घेतो तेव्हा कॅफिन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते.) दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. डोळ्यांच्या दोन नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वर तांदळाच्या दाण्याएवढे पेशींचे दोन पुंजके असतात. ते २४ तासांचा ताल धरतात आणि अंधार पडला की मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, सोडायला लावतात. ओढ आणि घड्याळ ही जोडी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडली आणि झोपेचं शास्त्र आजही तिच्यावरच उभं आहे.

पोटात असताना मुलीला तुमचं मेलाटोनिन वारेतून मिळत होतं. नाळ कापली आणि ते थांबलं. तिचं स्वतःचं साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास तालात येईल. तोवर सगळा कारभार ओढीवर चालतो, आणि इतक्या लहान मेंदूत ओढ तासाभरात काठोकाठ भरते. झोप झाली की ती रिकामी होते, भूक लागते, जाग येते. त्या वेळी बाहेर रात्रीचा १ वाजलाय की दुपारचा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

घड्याळाला ताल मिळतो तो उजेडाने. बाळंतिणीची खोली दिवसभर पडदे ओढून अंधारी ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. सकाळी पडदे उघडा, घरातले आवाज होऊ द्या. रात्री पाजताना ट्यूबलाइट लावू नका, मंद पिवळा दिवा पुरे. रात्रीच्या अंगावरच्या दुधात तुमचं मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळपास नसतं. दूध काढून ठेवत असाल तर डब्यावर वेळ लिहा आणि रात्रीचं रात्रीच द्या.

मुलगा ८ महिन्यांचा. सकाळी साडेआठला उठतो, साडेअकराला तासभर झोपतो, मग ५ ते साडेसहा. रात्री ९ला अंथरुणावर घेतो, पण साडेअकरापर्यंत नुसता लोळतो आणि खेळतो. आम्ही दोघं थकून जातो. – पिंपरी

तुमच्या वेळापत्रकात दोन वेगळ्या अडचणी एकमेकींवर बसल्या आहेत.

एक ओढीची. साडेसहाला तो दीड तास झोपून उठला, म्हणजे साचलेली बरीचशी ओढ ओसरली. या वयाच्या बाळाला रात्रीच्या झोपेएवढी ओढ जमायला साधारण साडेतीन-चार तास लागतात. तुम्ही त्याला अडीच तासांत झोपवायला बघताय.

दुसरी घड्याळाची, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ओढ दिवसभर वाढतच असते, मग माणूस संध्याकाळीच का कोसळत नाही? कारण घड्याळ दिवस मावळताना जागं ठेवणारा जोर वाढवत नेतं. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास हा जोर सर्वांत जास्त असतो. मग मेलाटोनिन वाढतं आणि जोर ओसरतो. तुमच्या मुलाचं घड्याळ साडेअकराला झोपायचं असं लागलंय. म्हणजे ९ ही वेळ बरोबर त्या जोराच्या पट्ट्यात येते. त्या वेळी तो हट्टीपणा करत नसतो, त्याचा मेंदूच त्याला झोपू देत नसतो.

यातलं नेमकं काय नडतंय ते ओळखता येतं. एक दिवस ५ची झोप साडेतीनला घेऊन पावणेपाचला उठवा. त्या रात्री तो ९ला झोपला आणि झोपलेलाच राहिला, तर दोष ओढीचा होता. झोपला, पण ४० मिनिटांत उठून दुपारच्या डुलकीनंतर खेळावं तसा हसत खेळू लागला, तर घड्याळाच्या लेखी अजून रात्र झालेली नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

घड्याळ रात्रीकडून सरकत नाही, सकाळकडून सरकतं. दर दोन दिवसांनी १५-२० मिनिटं लवकर उठवत साडेसातपर्यंत आणा आणि उठल्या उठल्या गॅलरीत नाहीतर खाली मोकळ्या उजेडात न्या. मग पहिली झोप साडेदहाच्या सुमारास, दुसरी ३ ते साडेचार, आणि अंथरूण साडेआठला. साडेसातनंतर घरातले पांढरे दिवे आणि टीव्ही बंद. लहान मुलांच्या डोळ्यांचं भिंग नितळ असतं, बाहुली मोठी असते, त्यामुळे तोच उजेड त्यांच्या मेलाटोनिनला आपल्यापेक्षा जास्त दाबतो.

पहिले चार-पाच दिवस काहीच बदललं नाही असं वाटेल. ओढ एका दिवसात बदलते, घड्याळाला आठ-दहा दिवस लागतात. बहुतेक आईबाप तिसऱ्या दिवशी सोडून देतात, तिथेच टिकून राहा.

दहा महिन्यांची मुलगी रिक्षात १० मिनिटं पेंगली की घरी आल्यावर दुपारची झोप घेतच नाही. दहा मिनिटांत काय झोप होते? – ठाणे

होते. ओढ सुरुवातीला भराभर उतरते आणि नंतर हळूहळू, गच्च भरलेल्या टाकीचा नळ सोडल्यासारखी. दहा मिनिटांत टाकी रिकामी होत नाही, पण वरचा दाब जातो, आणि झोप लागायला तोच लागतो. घरी आल्यावर लगेच झोपवायच्या मागे लागू नका. तास-सव्वा तास जाऊ द्या, मग प्रयत्न करा.

न्यू जर्सीहून डिसेंबरमध्ये ११ महिन्यांच्या बाळाला घेऊन नाशिकला आलोय. प्रवासाने इतका दमलेला असतो की ८ला झोपतो, आणि साडेदहाला उठून पहाटेपर्यंत जागा. इतकं दमून झोप का टिकत नाही? – सध्या नाशिक

कारण दमणं म्हणजे ओढ, आणि झोप टिकवून धरणं हे घड्याळाचं काम. हिवाळ्यात नाशिक न्यू जर्सीपेक्षा साडेदहा तास पुढे असतं. नाशिकमध्ये रात्रीचे साडेदहा म्हणजे त्याच्या घड्याळात दुपारचे १२. ८ला तो निव्वळ ओढीच्या जोरावर झोपला, अडीच तासांत ओढ बरीच उतरली, आणि उरलेली झोप धरून ठेवायला घड्याळ तयार नाही.

घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, तेव्हा आठवडा-दहा दिवस धरून चाला. रात्री उठला की मंद दिव्यात पाजा, बोलणं कमी ठेवा, खेळणी काढू नका. दिवसा गाढ झोपला असेल तरी दोन तासांनी उठवून अंगणात न्या. दिवसा तो सलग पाच तास झोपला, तर घड्याळ सरकलेलं असूनही रात्रीसाठी ओढच उरणार नाही. आणि परतीचं तिकीट दोन आठवड्यांच्या आतलं असेल, तर त्याला पूर्ण इथल्या वेळेवर आणायच्या खटपटीत पडू नका. घड्याळ जेमतेम इथे लागेल आणि तुम्ही विमानतळावर असाल.