कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या गृहपाठात चूक कुठे आहे?

प्रश्न: "दिवसाला 400 पाकिटं भरली जातात. त्यातली 16 तोलली. सरासरी 498 ग्रॅम, नमुन्याचं प्रमाण विचलन 8. मी 95% इंटरव्हल 497.2 ते 498.8 काढला, म्हणजे 95% पाकिटं त्यात बसतात. बरोबर ना?"

उत्तर: नाही. आधी n बघा. तोललेली पाकिटं 16 आहेत, 400 नव्हेत. म्हणून प्रमाण त्रुटी 8/√16 = 2; तुम्ही 0.4 धरलीत. दुसरं, 8 हे नमुन्यातूनच काढलंय, त्यामुळे 1.96 चालणार नाही. वजनं साधारण नॉर्मल धरून टी-तक्त्यात 15 डिग्रीज ऑफ फ्रीडमला 2.131 घ्या. (एका शेपटीचा 0.05 चा रकाना पाहिलात तर 1.753 मिळेल, तो नको, 0.025 चा हवा.)

498 ± 4.26, म्हणजे 493.7 ते 502.3. पाकिटावर 500 ग्रॅम छापलं असेल, तर तुमच्या उत्तराने भरणा कमी ठरला असता. खऱ्या इंटरव्हलमध्ये 500 बसतं.

अर्थही चुकलाय. विचलन 8 असताना 95% पाकिटं साधारण 482 ते 514 मध्ये पसरतील. इंटरव्हल सरासरीचा आहे: असे नमुने पुन्हापुन्हा घेतले, तर सुमारे 95% इंटरव्हलांत खरी सरासरी सापडेल.