एका साइटचा डेटा फुटला, त्यांनी रीसेट सक्तीचा केला. आता माझे बाकीचे पासवर्डही बदलू का?

सगळे नकोत, तोच किंवा त्याच्यासारखा पासवर्ड जिथे जिथे वापरलाय, तेवढेच बदला, आणि सुरुवात ईमेलपासून करा. फुटलेली ईमेल-पासवर्डची जोडी लोक दुसऱ्या साइटवर प्रोग्रॅमने आपोआप घालून बघतात. साइटने रीसेट केल्यावर तिथलं दार बंद होतं, पण बाकीच्या ठिकाणी जुनी किल्ली चालूच राहते. समजा फुटलेला पासवर्ड `Megh#2023` होता आणि ईमेलला `Megh#2024` आहे. तर तोही फुटला असंच समजा, कारण शेवटचे आकडे बदलून बघणं ही त्यांची नेहमीची चाल असते. ईमेल हाती लागलं की 'पासवर्ड विसरलात?' वापरून बाकीची खातीही जातात, म्हणून ते आधी. बदलल्यावर 'सर्व डिव्हाइसवरून लॉग आउट' नक्की करा, नाहीतर आत शिरलेला माणूस कधी कधी आतच राहतो. दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याचा नियम मात्र विसरा. माणसं शेवटचा आकडा वाढवतात, एवढंच होतं. अमेरिकेच्या NIST या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने बदल सक्तीचा करू नये, पण पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर करावाच, असं सांगितलंय.

एक गोष्ट सांभाळा: रीसेटच्या मेलमधली लिंक दाबू नका, साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. अशा बातमीनंतर खोटे मेलही हमखास येतात.