जॉब वेळेवर चालला, एरर नाही, तरी फीची आठवण पालकांना गेली नाही. असं का?

प्रश्न: मी शाळेच्या कार्यालयात फीचं काम बघते. पहिल्या तिमाहीची फी भरायची शेवटची तारीख 10 जुलै. तीन दिवस आधी, म्हणजे आज 7 तारखेला, पालकांना आपोआप एसएमएस जायला हवा होता. एकालाही गेला नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, मेसेज पाठवणारा जॉब पहाटे 5 ला चालला, एरर नाही. एप्रिलपर्यंत सगळं नीट चालू होतं. मधे फक्त मेसेजची वेळ सकाळी 9 वरून पहाटे 5 केली आणि सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, एवढंच मला माहीत आहे. मुख्याध्यापकांना काय सांगू?

उत्तर:

आज काहीही करण्याआधी एक सांगतो: घाईघाईने सगळ्यांना हाताने मेसेज पाठवू नका. माझा अंदाज बरोबर असेल, तर हाच मेसेज उद्या पहाटे 5 वाजता आपोआप जाणार आहे आणि पालकांना तो दोनदा मिळेल.

मी शाळांसाठीच्या फीच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी, म्हणजे वेळ 9 वरून 5 केली आणि एरर नाही, या एकत्र वाचल्या की संशय एकाच जागी जातो.

जॉब सुरू करणारा भाग वेगळा असतो आणि फी कोणाची बाकी आहे हे शोधणारा डेटाबेस वेगळा. पहिल्याला बहुधा भारतीय वेळ सांगितलेली असते, म्हणून तो बरोबर 5 ला उठला. क्लाउडवरचा डेटाबेस मात्र पुष्कळदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि ती आपल्या साडेपाच तास मागे आहे. आपल्याकडे 7 जुलैच्या पहाटेचे 5 वाजले, तेव्हा डेटाबेसच्या लेखी 6 जुलैच्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जॉबने त्याला विचारलं, ‘आजपासून तीन दिवसांनी कोणाची मुदत संपते?’ त्याने 6 मध्ये 3 मिळवून 9 जुलै काढला. 9 जुलैला मुदत संपणारी फी तुमच्या शाळेत नाही. उत्तर आलं शून्य पालक. शून्य जणांना मेसेज पाठवण्याचं काम यशस्वीपणे पार पडलं, म्हणून एरर नाही. सॉफ्टवेअरवाले खोटं बोलत नाहीयेत.

एप्रिलमध्ये हे का घडलं नाही? तेव्हा जॉब सकाळी 9 ला चालायचा. आपले 9 म्हणजे यूटीसीचे पहाटेचे साडेतीन, पण तारीख तीच. चूक तेव्हाही तिथेच होती, फक्त दिसत नव्हती. रात्री 12 ते पहाटे 5.30 एवढ्याच वेळात दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या असतात. नव्या वेळेने जॉब नेमका त्यात जाऊन बसला आणि फी तिमाही असल्यामुळे ते आज पहिल्यांदा उघडं पडलं. (पहाटे पाचला फीच्या मेसेजने कोणाला उठवावं का, हा वेगळा विषय. माझं मत विचाराल तर नाही.)

याच कारणाने दिवसा तपास केला की सगळं ठीक दिसतं. सकाळी 11 ला कोणी डेटाबेसला आजची तारीख विचारली तर तो 7 जुलैच सांगेल, आणि ‘आमच्याकडून बरोबर आहे’ असं उत्तर तुम्हाला मिळेल. म्हणून तारीख विचारायची नाही, तो कोणत्या प्रमाणवेळेवर चालतो ते विचारायचं. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर ही एक ओळ पुरते, फक्त ती जॉबच्याच कनेक्शनवरून चालवायला सांगा:

```sql
SHOW timezone;
```

उत्तर `UTC` किंवा `Etc/UTC` आलं आणि फी शोधणाऱ्या क्वेरीत `CURRENT_DATE + 3` असं काही सापडलं, तर शोध संपला.

तरी माझ्या अंदाजावर न थांबता पहाटेच्या नोंदीतला एक आकडा मागून घ्या: किती पालक निवडले गेले? शून्य असेल तर वर सांगितलेलंच. तिथे समजा 400 आहेत आणि तरी कोणाला मेसेज मिळाला नाही, तर दोष पुढे, एसएमएसच्या टप्प्यावर आहे. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर आधी नोंदवावा लागतो. मंजूर टेम्प्लेटशी तो जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. अशा वेळी एसएमएस कंपनीच्या डिलिव्हरी रिपोर्टमध्ये नापास झालेल्या मेसेजची रांग दिसते. तुमच्या बाबतीत तो रिपोर्ट रिकामा असेल असं मला वाटतं, कारण त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही.

मुख्याध्यापकांना यूटीसी वगैरे सांगत बसू नका. एवढं सांगा: ‘शिपाई ठरल्या वेळी आला, पण भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान फाडलेलं नव्हतं. त्याने कालची तारीख धरून यादी काढली आणि यादीत कोणी नव्हतं. पालकांचे नंबर, फीचे हिशेब, पावत्या यांना धक्का लागलेला नाही.’ ‘सर्व्हर डाउन होता’ असं मात्र सांगू नका. ते खरं नाही, आणि 10 तारखेला पुन्हा गडबड झाली तर तुम्हीच अडचणीत याल.

खरी काळजी त्या 10 तारखेची आहे. बहुतेक शाळा शेवटच्या दिवशीही एक मेसेज ठेवतात. तोही याच हिशेबाने एक दिवस उशिरा, 11 जुलैला पहाटे जाईल. विलंब शुल्क लागू झाल्यावर ‘आज शेवटचा दिवस’ असा मेसेज आला, तर कार्यालयातला फोन दिवसभर वाजत राहील आणि पालकांचं म्हणणं चूक म्हणता येणार नाही. आजचा मेसेज उद्या गेला तरी दोन दिवस हातात राहतात. तेवढं चालण्यासारखं आहे. आजच पाठवायचा असेल तर आधी उद्याचा जॉब बंद करून घ्या आणि मगच हाताने पाठवा.

दुरुस्ती छोटी आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना ही ओळ दाखवा:

```sql
WHERE due_date =
  (now() AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date + 3
```

‘वेळ पुन्हा 9 करून टाकतो’ असं ते म्हणाले, तर तात्पुरतं चालेल. पण पुढे कोणी वेळ बदलली की हेच पुन्हा होईल, त्यामुळे ही ओळही बदलून घ्याच.

शिवाय बरोबर तीन दिवसांवर असलेली फी शोधण्याऐवजी ‘तीन दिवसांच्या आत मुदत संपते आणि आठवण अजून गेलेली नाही’ अशी फी शोधायला सांगा. मग एखादा दिवस चुकला तरी राहिलेले मेसेज दुसऱ्या दिवशी जातात. त्यासाठी कोणत्या विद्यार्थ्याच्या कोणत्या हप्त्याची आठवण गेली, याची नोंद ठेवावी लागते. हाताने पाठवलेले मेसेजही त्याच नोंदीत आले, तर तोच मेसेज दोनदा जाण्याची भीतीही उरत नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी दिवसा घेऊ देऊ नका. एका चाचणी विद्यार्थ्याच्या नावावर तीन दिवसांनंतरची मुदत टाका, त्याच्यापुढे तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर ठेवा आणि जॉब पहाटे 4 ला लावा.