डिस्ट्रिक्ट कूलिंगच्या ईटीएससाठी प्लेट हीट एक्स्चेंजर किती मोठा घ्यावा?

प्रश्न: २००० किलोवॉटचा भार आहे. प्राथमिक पाणी ५ अंशांवर येतं, १३ वर परत द्यायचं. ॲप्रोच १ अंश ठेवू की १.५? प्रेशर ड्रॉपची मर्यादा ५० किलोपास्कल आहे.

उत्तर: १.५ अंश ठेवा आणि साधारण २७० चौरस मीटर क्षेत्रफळ धरून चला. इमारतीचं पाणी ६.५ ते १४.५ अंश ठेवलं, तर दोन्ही टोकांना फरक १.५ अंशच राहतो, म्हणून सरासरी फरकही तोच. उष्णता संक्रमण गुणांक ५००० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला, तर २०,००,००० ÷ (५००० × १.५) = सुमारे २६७. १ अंशाला हाच हिशेब ४०० वर जातो, आणि खरं तर तिथेही थांबत नाही. प्रेशर ड्रॉप ५० च्या आत ठेवायला त्याच लांबीच्या जास्त प्लेट समांतर लावल्या की प्रत्येक फटीतला वेग घटतो आणि गुणांकही पडतो. लांब प्लेट घेतली तर वेग टिकतो, पण ड्रॉप वाढतो. गुणांक मात्र माझा अंदाज आहे. अंतिम आकडा निर्मात्याच्या गणनेतूनच घ्या, आणि ती दोन्ही बाजूंच्या ड्रॉपसह मागा.

माझी खरी धास्ती वेगळीच: इमारतीचं पाणी १४.५ ऐवजी १२ वर परत आलं, तर त्याच भाराला प्रवाह सुमारे ४५ टक्के वाढतो आणि ५० चा ड्रॉप जवळपास १०० होतो. तेव्हा परतीचं तापमान आधी तपासा.