‘ती हिजडा’ आणि ‘अरे हिजड्या’

प्रश्न: आम्ही कॉलेजची एकांकिका बसवतोय. एका पात्राच्या तोंडी ‘हिजडा’ शब्द दोन-तीनदा आहे, एकदा विनोदासाठी. एका मैत्रिणीने हरकत घेतली. पण त्या समाजातली माणसं स्वतः हा शब्द ताठ मानेने वापरतात, लक्ष्मी त्रिपाठींच्या पुस्तकाच्या नावातच तो आहे. मग आम्हीच का नाही वापरायचा?

उत्तर: पुस्तकाचं नाव तुम्हीच काढलंत, तर तिथूनच सुरुवात करू. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं हे आत्मकथन पुण्याच्याच मनोविकास प्रकाशनाने 2012 साली काढलं. नाव आहे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’. चार शब्दांत दोनदा ‘मी’. शिवी नेहमी ‘तू’ किंवा ‘तो’ला चिकटून येते. इथे तिला ‘मी’ जोडला, आणि लगेच शेजारी स्वतःचं नाव ठेवलं. म्हणजे हा शब्द तुम्ही माझ्यावर फेकण्याआधी मीच उचलला, आता फेकायला तुमच्या हातात काही उरलं नाही. सगळी करामत त्या ‘मी’मध्ये आहे. तुमच्या पात्राकडे तो ‘मी’ आहे का, एवढंच आधी बघा.

मी पुण्यात एचआयव्ही प्रतिबंधाच्या एका प्रकल्पात बरीच वर्षं समुपदेशक होते. आमच्या कागदांवर ट्रान्सजेंडरसाठी ‘टीजी’ लिहिलेलं असायचं, भाषणात ‘तृतीयपंथी’ म्हणायचे. (या शब्दावरही कुरकुर आहेच. आम्ही तिसरे, तर पहिला नंबर कुणाला दिलात, असं एकीने मला विचारलं होतं. त्यामुळे अलीकडे बरेच जण ‘पारलिंगी’ म्हणतात.) पण दुपारी डबे उघडले की आपसात सर्रास ‘हिजडा’च. त्यांच्या बोलण्यात मला एक गोष्ट कळली, ती मराठी व्याकरणातली आहे.

मराठीत हा शब्द ‘घोडा’, ‘मुलगा’ यांच्यासारखा चालतो. आकारान्त पुल्लिंगी. बाहेरचा माणूस सहज म्हणतो, ‘तो हिजडा आला’. रागात असेल तर ‘ते हिजडं’, म्हणजे माणसातूनच बाहेर. आणि हाक मारताना ‘अरे हिजड्या’. आतल्या मात्र म्हणतात, ‘मी हिजडा आहे, काल बाजार मागायला गेले होते.’ शब्द पुल्लिंगी ठेवला आणि क्रियापद स्त्रीलिंगी केलं. ‘ती हिजडा.’ व्याकरणाच्या मास्तरांनी लाल रेघ मारावी असं वाक्य, पण शब्द ताब्यात घेतल्याची खूण तीच. बोलणारी घरची आहे की बाहेरची, हे पुष्कळदा क्रियापदावरूनच कळायचं. ‘हिजड्या’ हे संबोधनाचं रूप हाक मारायला वापरलेलं मी त्यांच्यात कधी ऐकलं नाही. हाक मारायला ‘अगं’, ‘गुरू’, नाहीतर नाव. ते रूप पूर्णपणे शिवीकडेच राहिलं. म्हणजे शब्द परत घेतला तरी त्याची सगळी रूपं परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट, ही शिवी बहुतेक वेळा हिजड्याला दिलीच जात नाही. मैदानात झेल सुटला, भांडणात कुणी माघार घेतली, की त्या धडधाकट पुरुषाला ती मिळते. अर्थ काय, तर तू भित्रा, तू नपुंसक, तू कामाचा नाहीस. हिजडा तिथे नुसती उपमा असते. त्यामुळे ‘समोर त्यांच्यातलं कुणी नव्हतंच’ हा बचाव टिकत नाही. समोर कुणी नसतानाच तर त्या शब्दात घाण भरली जाते, आणि तीच दुसऱ्या दिवशी सिग्नलवर उभ्या असलेलीच्या वाट्याला येते.

माझी स्वतःची फजिती सांगते. चार-पाच वर्षं एकत्र काम झाल्यावर मला वाटू लागलं, आपण आता यांच्यातल्याच. एका वाढदिवसाला केक कापताना मीही त्यांच्याच लकबीत टाळी वाजवून तोच शब्द हसत टाकला. कुणी रागावलं नाही, पण हशा मात्र थांबला. नंतर भांडी आवरताना एक वयस्क गुरू म्हणाली, ‘‘बेटा, तू प्रेमानेच बोललीस, मला माहीत आहे. पण तू इथून रिक्षात बसशील तेव्हा शब्द इथेच ठेवून जाशील. मी बसले की तो माझ्याबरोबर बसतो. रिक्षावाला थांबला तर.’’ मला अजूनही यापेक्षा नेमकं उत्तर सापडलेलं नाही. त्या शब्दापायी घर सुटलेलं असतं, खोली भाड्याने मिळत नाही. ती किंमत ज्यांनी भरली, त्यांना तो हसत वापरता येतो. मी काहीच भरलेलं नव्हतं.

आतल्या सगळ्यांनी तरी तो घेतलाय का? नाही. हिजडा होणं म्हणजे गुरू करणं, चेला म्हणून घराण्यात जाणं, जमातीचे नियम पाळणं. आयटीत नोकरी करणारी एखादी ट्रान्स स्त्री यातलं काहीच करत नाही. तिला हा शब्द लावला तर अपमान होतोच, शिवाय माहितीही चुकीची असते. ‘छक्का’ तर कित्येक हिजड्यांनाही नको असतो. म्हणून ‘त्या समाजाने परवानगी दिलीय’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, कोणी दिली?

कायद्यातही ही दुहेरी चाल दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालात ‘हिजडा’ ही ओळख म्हणून आली. संसदेने 2019 साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, त्याच्या व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवाणी, जोगता ही नावं आहेत. त्याच कायद्याच्या कलम 18 मध्ये शाब्दिक छळ हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद. एकाच कायद्यात तो शब्द सन्मानाने छापलाय आणि तोच तोंडावर फेकला तर शिक्षाही होऊ शकते. जातीच्या बाबतीत तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा हे उघडच सांगतो. जातिवाचक शिवीगाळीचा गुन्हा लागतो तो अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या माणसाला. कोण बोलतंय, हे कायद्यानेच मोजायला घेतलंय.

जाता जाता, ‘क्वीअर’शी तुलना करू नका. इंग्रजीत तो शब्दही शिवीतूनच वर आला, पण पुण्याच्या प्राइडमध्ये पोरं तो सहज म्हणतात, कारण इथे शाळेच्या मैदानावर तो कुणाला लागलेलाच नसतो. आयता धुऊन आलेला शब्द. ‘हिजडा’ इथेच मळलाय.

आता तुमची एकांकिका. शब्दावर सरसकट बंदी नाही. खलपात्र तो वापरतं आणि प्रेक्षकाला ते पात्र कळतं, तर राहू द्या. एखादी हिजडा पात्र स्वतःविषयी बोलते, तर राहू द्या, फक्त क्रियापद सांभाळा, आणि ते वाक्य कुणा पारलिंगी कलाकाराला रीतसर मानधन देऊन वाचायला द्या. विनोदाची जागा मात्र तपासा. तालमीत त्या जागी ‘भित्र्या’ म्हणून बघा. हशा आला तर शब्दाची गरजच नव्हती. नाही आला, तर प्रेक्षक कुणावर हसणार होते ते तुम्हाला तालमीतच कळेल, आणि मैत्रिणीची हरकत नेमकी त्याच वाक्याला असणार.